ईआरपीतल्या जुन्या नोंदी काढण्याआधी

प्रश्न: चाकणला आमची वाहनांचे सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. २०१४ पासूनचा हिशेब एकाच ईआरपीत आहे आणि आता महिनाअखेरीचे रिपोर्ट निघायला तासन्‌तास लागतात. व्हेंडर म्हणतो, मार्च २०२० पर्यंतची व्हाउचरं आणि सगळा एडिट लॉग डिलीट करून फक्त ओपनिंग बॅलन्स ठेवू. २०१८-१९ चं जीएसटीचं एक अपील अजून चालू आहे. करू का?

उत्तर: डिलीट करू देऊ नका. हलवायला मात्र हरकत नाही. नोंदी रोजच्या वापरातल्या डेटाबेसमध्येच हव्यात, असं कायदा कुठेही म्हणत नाही. त्या पूर्ण असाव्यात, वाचता याव्यात आणि भारतात केव्हाही उघडता याव्यात, एवढीच त्याची अट आहे.

आधी मुदत पाहू. कंपनी कायदा २०१३ चं कलम १२८(५) चालू वर्षाच्या लगेच आधीच्या आठ आर्थिक वर्षांची पुस्तकं व्हाउचरांसह ठेवायला सांगतं. चालू वर्ष २०२५-२६ धरलं, तर २०१७-१८ पासून पुढचं सगळं यात येतं. म्हणजे व्हेंडर जी वर्षं पुसू पाहतोय, त्यातली तीन अजून मुदतीत आहेत. चूक झाली तर कलम १२८(६) खाली ५० हजार ते ५ लाख रुपये दंड होतो. तो व्यवस्थापकीय संचालक, सीएफओ किंवा बोर्डानं जबाबदारी दिलेली व्यक्ती यांच्यावर बसतो, व्हेंडरवर नाही.

जीएसटीत लोक मोजायलाच चुकतात. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६ मधले ७२ महिने आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजायचे नसतात, वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून मोजायचे असतात. २०१८-१९ साठी ती तारीख वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२० झाली होती, म्हणून त्या वर्षाच्या नोंदी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ठेवायच्या. शिवाय अपिलाच्या विषयाशी संबंधित नोंदी अंतिम निकालानंतर एक वर्षापर्यंत ठेवाव्या लागतात. दोन्हींपैकी जी तारीख उशिराची ती धरायची. वादातली बिलं, ई-वे बिलं, पेमेंटच्या नोंदी आणि पत्रव्यवहार यांना आजच वेगळी खूण करून ठेवा. एरवी आणखी काही वर्षांनी कुणीतरी ‘जुनं झालं’ म्हणून तीच पुसेल, आणि अपिलात तुमच्या हातात काही उरणार नाही.

मला सर्वांत जास्त काळजी एडिट लॉगची वाटते. तो झपाट्यानं फुगतो, म्हणून कात्री आधी त्याच्यावर चालते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये तो बंद करता येणार नाही असा असावा लागतो. त्यात छेडछाड झाली नाही ना आणि तो मुदतीपर्यंत जपला आहे ना, हे ऑडिटरला आपल्या अहवालात लिहावं लागतं. व्हेंडरनं थेट डेटाबेसमध्ये शिरून ओळी उडवल्या, तर हिशेबात काडीचाही फरक नसला तरी ऑडिटरला हा शेरा मारावा लागेल. त्यामुळे ईआरपीची स्वतःची आर्काइव्ह सोय वापरा, आधी बोर्डाचा ठराव करा आणि ऑडिटरला लेखी कळवा.

तुमच्या जागी मी असं करेन. ३१ मार्च २०२० ही रेघ धरून आधी फक्त प्रत काढायची, मूळ डेटाला हात लावायचा नाही. न मिटलेली बिलं, ॲडव्हान्स आणि वापरात असलेल्या यंत्रांच्या खरेदीच्या नोंदी चालू ईआरपीतच राहू द्यायच्या. प्रतीत व्हाउचरांबरोबर पार्टी, माल आणि खात्यांचे मास्टरही हवेत. नुसता ‘आर-११७’ असा कोड उरला, तर तो कोणता माल आणि कोणत्या एचएसएनचा, हे अधिकाऱ्याला कसं सांगणार? फायलींचे पासवर्ड आणि कोडचे अर्थ मागितल्यावर देणं जीएसटी नियमांप्रमाणे तुमच्यावर बंधनकारक आहे.

मग ताळा घ्या: दर वर्षाची व्हाउचरसंख्या, प्रत्येक खात्याची अखेरची शिल्लक आणि सही झालेला ताळेबंद जुळला पाहिजे. जुळल्यावर फायलींची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फायलीत जराही बदल झाला तर बदलणारी तिची ओळखखूण, काढून तारखेसह लिहून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना जे प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू नमूद करावी लागते. आर्काइव्ह आणि त्याचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवरच ठेवा.

मूळ डेटा काढण्याआधी एक चाचणी घ्या. अपिलातलंच एखादं बिल निवडा आणि तुमच्या अकाउंटंटला ते आर्काइव्हमधून, व्हेंडरला फोन न करता, उघडून छापायला सांगा. सोबत माल आवक, पेमेंट आणि कुणी कधी बदल केला हेही दिसलं पाहिजे. यातलं एक जरी दिसलं नाही, तरी चालू डेटाबेसमधली ओळसुद्धा काढू देऊ नका.