न वाचलेल्या गद्य उताऱ्याचं रसग्रहण लिहिताना सारांश होतो, तो कसा टाळायचा?

प्रश्न: मी साताऱ्यात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मराठी. सराव पेपरात कधीही न वाचलेला उतारा देतात आणि 'रसग्रहण करा' म्हणतात. मी दीड पान लिहितो, तरी सर म्हणतात, 'हा सारांश झाला.' मग लिहायचं तरी काय?

उत्तर:

मी सांगलीत बरीच वर्षं मराठी शिकवतो आणि असे पेपर तपासतो. उताऱ्यात काय घडलं ते परीक्षकाला माहीत असतं, उतारा त्याच्याही समोर असतो. त्याला तुमच्याकडून हवं असतं ते एवढंच: हे कोण सांगतंय, कुठून सांगतंय, आणि सांगता सांगता ते कुठं बदलतं. यातलं तिसरं सगळ्यात जास्त हाताला लागतं, कारण बदल कागदावर दिसतो. त्याच्यावर बोट ठेवता येतं.

नुसतं सांगून हे कळत नाही, म्हणून वर्गासाठी मी स्वतः लिहिलेला एक छोटा उतारा देतो. आधी तो एकदा सलग वाचा, पेन्सिल हातात न घेता.

'पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही दुकान उघडायला गेलो. आबा सकाळी सहालाच दार उघडायचे, उंबऱ्यावर पाणी शिंपडायचे, हळदीच्या पोत्यांवरून एकदा हात फिरवायचे आणि मगच गल्ल्याला हात लावायचे. चाळीस वर्षं त्यात खंड पडला नाही म्हणे. आज कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना. शेजारच्या पोरानं दगडानं कडी तोडली. आत चिखल गुडघाभर. पोती फुटून हळद चिखलात मिसळली होती, भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पिवळी रेघ उठली होती. आबा रेघेकडं बघत उभे राहिले. "औंदा रंग द्यायचाच होता," ते म्हणाले. आम्ही फावडी घेतली. दुपारपर्यंत कोणी काही बोललं नाही. मग म्हाताऱ्यानं ते कुलूप उचललं, पुसलं, किल्ली घातली. फिरतीय. मी बाहेर जाऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलो.'

यावर येणारी बहुतेक उत्तरं अशी सुरू होतात: 'प्रस्तुत उताऱ्यात लेखकाने महापुरामुळे झालेल्या नुकसानीचे हृदयस्पर्शी वर्णन केले आहे. निसर्गापुढे माणूस हतबल असतो.' आपल्याकडं कृष्णेचा पूर प्रत्येकानं पाहिलेला आहे, २०१९ चा तर कोणी विसरणार नाही, त्यामुळं मुलं इथून पुढं आपल्याच आठवणी लिहायला लागतात. पण हे वाक्य पुरावरच्या कुठल्याही उताऱ्याला चिकटवता येईल. स्वतःचं उत्तर तपासायची माझी कसोटी हीच आहे: हा उतारा न वाचताही हे वाक्य लिहिता आलं असतं का? आलं असतं, तर ते खोडा.

आता दुसरं वाचन, पेन्सिल घेऊन. आधी फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा. 'उघडायचे, शिंपडायचे, फिरवायचे, लावायचे' हा रोजचा, परत परत घडणारा भूतकाळ आहे. ते सगळं एकाच लांब वाक्यात ओवलंय. मग एका छोट्या वाक्यानंतर 'आज' येतं आणि वाक्यं तुटायला लागतात. 'आत चिखल गुडघाभर' या वाक्याला तर क्रियापदच नाही. म्हणजे चाळीस वर्षांची शिस्त एका अखंड वाक्यात आहे आणि पुरानंतरची सकाळ तुकड्यांत. 'आज'च्या आधी समासात एक उभी रेघ मारा. हा पहिला सांधा.

मग माणसांना काय म्हटलंय ते बघा. मराठीत ही खूण फार बोलकी असते, कारण नातं आणि आदर दोन्ही आपल्या भाषेत नामात आणि क्रियापदात उतरतात. उताऱ्यात आधी 'आबा' आहेत, 'ते म्हणाले' असा आदर आहे. शेवटाकडं अचानक 'म्हाताऱ्यानं' येतं. माणूस तोच. निवेदकाची नजर हलली. आता तो नात्यातून बघत नाही, वय बघतोय, एक थकलेला माणूस बघतोय. त्यात तुटकपणा आहे की कणव, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते कणव आहे, कारण पुढची तीनही कामं, उचलणं, पुसणं, किल्ली घालणं, तो एकेक करून जपून सांगतो. तुम्हाला उलट वाटलं तरी चालेल, फक्त असंच उताऱ्यातलं कारण द्या. 'म्हाताऱ्यानं'च्या आधी दुसरी उभी रेघ.

सर्वनामंही बघा. सुरुवातीपासून 'आम्ही' आहे. 'मी' थेट शेवटच्या वाक्यात येतो, आणि येतो तो दुकानाबाहेर पडताना. इतका वेळ घरच्यांच्या आड उभा असलेला निवेदक तिथं एकटा होतो.

आवाजासाठी दोन छोटे शब्द पकडा. एक 'म्हणे'. चाळीस वर्षांची गोष्ट निवेदकानं ऐकलेली आहे, पाहिलेली नाही. तो बहुधा पुढच्या पिढीतला आहे आणि दुकानाचा इतिहास त्याच्याकडं सांगोवांगी आलाय. दुसरा 'द्यायचाच'मधला 'च'. एवढ्या नुकसानीवर आबा एकच वाक्य बोलतात, तेही रंगाबद्दल, आणि त्या 'च'मुळं ते असं ऐकू येतं की जणू हे काम ठरलेलंच होतं. दुःख शब्दात नाही, ते दडपण्यात आहे. 'आबा खचले नाहीत' असं लिहिण्यापेक्षा हा 'च' दाखवा.

आणि मग 'फिरतीय.' या उताऱ्यातली सगळ्यात श्रीमंत जागा ही. सगळा उतारा भूतकाळात असताना हे एकच क्रियापद वर्तमानात आहे. अवतरणचिन्ह नाही, 'असं त्यांना वाटलं' नाही. मग हे कोण म्हणतंय? आबा मनात म्हणतायत, की बघणारा निवेदक? दोघंही. निवेदकाच्या वाक्यात पात्राचा आवाज असा शिरतो तेव्हा त्या दोघांमधलं अंतर क्षणभर मिटतं. नुकतंच 'म्हातारा' म्हणून जे अंतर पडलं होतं, ते लगेच पुढच्या वाक्यात मिटतं, हे एकत्र मांडलंत तर उत्तराला धार येते. शिवाय सकाळी 'किल्ली फिरेना' होतं. तोच धातू परत आलाय, नकार गळून. रचना म्हणतात ती ही: एक गोष्ट दोनदा येते आणि दुसऱ्यांदा तिचा अर्थ बदललेला असतो. पण कडी तुटलेलीच आहे, तेव्हा 'शेवटी आशा दिसते' एवढ्यावर थांबू नका. किल्ली फिरते, पण त्या कुलपाला आता बंद करायला काही उरलेलं नाही. दोन्ही लिहा.

सातारा-सांगलीच्या मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 'रेघेकडं', 'औंदा', 'फिरतीय' आपल्या कानाला इतकं घरचं वाटतं की त्यात काही नोंदवण्यासारखं आहे हेच लक्षात येत नाही. इतर भागातली मुलं ते टिपतात, पण 'ग्रामीण बोलीचा प्रभावी वापर' असं लिहून मोकळी होतात. दोन्ही अपुरं. बघायचं असं की बोली कुठं आहे आणि कुठं नाही. आबांच्या तोंडी 'औंदा' असणं साहजिक आहे. निवेदक मात्र बहुतेक ठिकाणी प्रमाण भाषेजवळ राहतो, 'पोरानं', 'रेघेकडं' असे बोलण्यातले उच्चार तेवढे ठेवतो, आणि 'फिरतीय'ला पूर्ण आबांच्या भाषेत जातो. तुमचा कान घरचा आहे, म्हणून हा बदल तुम्हाला इतरांपेक्षा आधी ऐकू यायला हवा.

वेळेचं म्हणाल तर तासाभराचा प्रश्न असेल तर वीस मिनिटं वाचन आणि खुणांना द्या, पाच मिनिटं सांगाडा लिहायला, उरलेली लिहायला आणि परत वाचायला. वीस मिनिटं न लिहिता बसणं जड जातं, शेजारचा पुरवणी मागत असतो. तरी बसा. सांगाडा म्हणजे एकच वाक्य: उतारा कुठून निघतो आणि कुठं पोचतो. इथं ते असं होईल: 'कुटुंबाच्या सामूहिक आवाजात सुरू झालेलं हे निवेदन आबांच्या मनाजवळ जातं आणि तिथून निवेदकाला एकटं करून सोडतं.' हे वाक्य उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात ठेवा. पुढचे परिच्छेद सांध्यांप्रमाणं पाडा. अलंकार, भाषाशैली, व्यक्तिचित्रण असे ठरलेले कप्पे पाडले की उतारा त्यात कापला जातो आणि प्रवास हरवतो.

परिच्छेदात तीन गोष्टी यायला हव्यात: बदल कुठं आहे, भाषेत नेमकं काय बदललं, आणि त्यानं वाचताना काय होतं. तिसरी राहिली तर व्याकरणाची यादी होते, दुसरी राहिली तर सारांश. नमुना बघा: '"आज" या शब्दापाशी निवेदनाची लय मोडते. त्याआधी आबांची रोजची कामं एकमेकांना जोडून येतात. आता वाक्यं आखूड होतात आणि "आत चिखल गुडघाभर" इथं क्रियापदही उरत नाही. दुकानाची मोडलेली घडी निवेदक सांगत बसत नाही, वाचणाऱ्याला ती वाक्याच्या मोडणीतूनच जाणवते.' अवतरण तीन-चार शब्दांचंच आहे हेही बघा. अख्खं वाक्य उतरवून काढण्यात वेळ जातो आणि नेमका कुठला शब्द काम करतोय ते झाकलं जातं.

'लेखक' आणि 'निवेदक' यांत गल्लत करू नका. उताऱ्यातला 'मी' दुकानदाराच्या घरातला आहे; लेखक कोण, त्याचं दुकान होतं का, याचा अंदाज बांधू नका. तसंच उतारा बहुतेक वेळा मोठ्या कथेतून कापून दिलेला असतो. त्यामुळं 'कथेचा शेवट' म्हणू नका, 'उताऱ्याचं शेवटचं वाक्य' म्हणा.

प्रत्येक उताऱ्यात असे ठळक सांधे मिळतीलच असं नाही. काही उतारे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात जातात. तिथं ओढूनताणून बदल शोधू नका. इतकं सगळं घडत असताना सूर हलत का नाही, हाच तुमचा मुद्दा होतो, आणि त्यासाठीही क्रियापदं आणि सर्वनामंच बघायची असतात. दहावीच्या उताऱ्यावरचे आकलनाचे प्रश्न वेगळे, तिथं उत्तर उताऱ्यात शोधून लिहायचं असतं. ही पद्धत तिथं वापरली तर वेळ पुरणार नाही.