डेमो लेसनची तयारी चुकीच्या उत्तरापासून

स. न.

शिक्षकाच्या जागेसाठी डेमोचं बोलावणं आलं हे वाचून आनंद झाला. सोबत पाठवलेलं पाठाचं टाचणही वाचलं. विषय इयत्ता सहावी, भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज आणि वेळ पंधरा मिनिटं. टाचणात प्रस्तावना, हेतुकथन, विकसन, उपयोजन, मूल्यमापन, स्वाध्याय असं सगळं जागच्या जागी आहे. बी.एड.च्या सराव पाठाला ते चाललं असतं. पण निवड समितीसमोर हे टाचण अपुरं पडेल, कारण त्यात प्रत्येक प्रश्नापुढे एकच उत्तर लिहिलंय, आणि तेही बरोबर.

मी समितीत बसते तेव्हा उमेदवाराला विषय येतो की नाही हे पाहायला बसत नाही. ते पदवीवरून आणि नंतरच्या प्रश्नांवरून कळतं. डेमोत मला एवढंच पाहायचं असतं की समोरून अनपेक्षित उत्तर आलं की हा माणूस काय करतो. त्यामुळे तयारी तिथूनच सुरू कर.

आधी विषय लहान कर. बेरीज, वजाबाकी, लसावि आणि शाब्दिक उदाहरणं पंधरा मिनिटांत बसवायला गेलं तर कशालाच हात लागत नाही. तुझ्या पाठाचं उद्दिष्ट एका वाक्याचं असू दे: छेद वेगळे असताना अपूर्णांकांची सरळ बेरीज का करता येत नाही आणि त्यासाठी तुकडे सारखे का करावे लागतात, हे मुलाने स्वतः सांगावं. लसावि काढण्याची रीत या पाठात नको. कुणी विचारलंच तर तो पुढचा तास आहे असं सांगता येतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता उदाहरणाचे आकडे. तू २/७ + ३/५ घेतलंयस. त्यात पस्तीस भाग करावे लागतात, ते ना घडीने दाखवता येतात ना डोळ्यांना दिसतात. १/२ + १/३ घे. चार्ट पेपरच्या ६० सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या काप, रुंदी शेवटच्या बाकावरून दिसेल इतकी. अर्धी पट्टी ३० सेंटिमीटरची होते, एक तृतीयांश २० ची. दोन्ही टोकाला टोक लावून फळ्यावर चिकटवल्या की ५० सेंटिमीटर होतात. सहावा भाग १० सेंटिमीटरचा, म्हणून तो ३० मध्ये बरोबर तीनदा बसतो, २० मध्ये दोनदा, आणि बेरीज ५/६ ही मुलं मोजून सांगतात. पट्टी साठचीच का, तर सगळे तुकडे पूर्ण सेंटिमीटरमध्ये निघतात आणि घडी चुकली तरी पट्टीने खूण करता येते.

पट्ट्या लावण्याआधी मात्र फळ्यावर १/२ + १/३ = ? एवढंच लिहून मुलांना वहीत उत्तर लिहायला सांग आणि वर्गातून एक फेरी मार. २/५ हे उत्तर जवळजवळ नक्की दिसेल. वरच्यात वरचं मिळवलं, खालच्यात खालचं मिळवलं. मुलाच्या दृष्टीने यात काहीच वावगं नाही, पूर्ण संख्यांनी त्याला हेच शिकवलंय.

इथे बहुतेक उमेदवार गडबडतात. काही जण “नाही, चूक. दुसरं कोण सांगेल?” म्हणून बरोबर उत्तर देणारं मूल शोधत बसतात. ते सापडलं की सुटल्यासारखा चेहरा करतात, आणि आम्ही कागदावर लिहून टाकतो. तू २/५ फळ्यावर लिही, कुणाचं ते सांगू नकोस, आणि विचार, “हे उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?”

विचारलं की थांब. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि ती वेळ तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. समितीसमोर तीन सेकंद फार मोठे वाटतात. मनात एक-दोन-तीन मोज, पण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारू नकोस.

मुलं अडली तर त्यासाठी एक पट्टी पिशवीत आधीच तयार ठेव: साठचे पाच भाग, प्रत्येकी १२ सेंटिमीटर. त्यातले दोन भाग म्हणजे २४. ते ३० च्या अर्ध्या पट्टीखाली लाव. अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षाही कमी आलं, हे मुलांना समोर दिसतं आणि कुणीतरी आपणहून “असं कसं होईल?” म्हणतं. तुझा पाठ या प्रश्नापासून सुरू होतो. त्याआधीचं सगळं तीन-चार मिनिटांत आटप. (प्रस्तावनेत कोडी घालून ‘तर मग आज आपण काय शिकणार?’ असं मुलांकडून वदवून घेण्याची जी पद्धत आहे, ती खुशाल सोडून दे. त्यात वेळ जातो आणि उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं.)

चुकीचं उत्तर आलंच नाही तर? हुशार वर्ग मिळाला किंवा समोर समितीचे सदस्यच विद्यार्थी होऊन बसले तर असं होतं. मग तू स्वतःच ते फळ्यावर मांड: “एका मुलीने असं लिहिलंय. तिला तुम्ही कसं पटवाल?” यात गणित तेच राहतं, फक्त काम वर्गाकडे जातं.

सदस्य विद्यार्थी झाले की मुद्दाम आडवे प्रश्न येतात, त्यातले दोन आत्ताच सोडवून ठेव. पहिला: “सहाच भाग का? दोन आणि तीन मिळून पाच होतात, तर पाच भाग करू.” याला शब्दांनी उत्तर देऊ नकोस. १२ सेंटिमीटरचा तुकडा अर्ध्या पट्टीवर मोजून दाखव, तो अडीच वेळा बसतो, पूर्ण वेळा बसत नाही. दुसरा: “बारा भाग केले तर?” चालतील. ६/१२ आणि ४/१२ मिळून १०/१२, म्हणजे तीच पन्नास सेंटिमीटरची लांबी, नुसतं मोजायला जास्त. इथे “नाही, सहाच हवेत” असं ठासून सांगितलं तर समितीतला गणिताचा माणूस तिथेच वही मिटतो.

शेवटी मुलांना समजलं का, हे तपासायचं. “समजलं?” असं विचारलं की सगळा वर्ग “हो” म्हणतो, त्यातून तुला काहीच कळत नाही. त्याऐवजी १/३ + १/४ एकट्याने सोडवायला दे आणि तीन मिनिटं वर्गात फिर. या उदाहरणात प्रत्येक उत्तर काहीतरी सांगतं. ७/१२ आलं तर काम झालं. २/७ आलं तर मूल अजून पहिल्याच जागी उभं आहे. २/१२ आलं तर ते अर्ध्या वाटेवर आहे, छेद सारखे केले पण अंश तसेच ठेवले. त्या मुलाला “एक तृतीयांशात बारावे भाग किती?” एवढाच प्रश्न पुरतो. टाचणात ही तिन्ही उत्तरं आणि त्यापुढे तुझा प्रश्न लिहून ठेव. दोन्ही छेदांचा गुणाकार म्हणजेच समान छेद, असा समज या उदाहरणांतून होऊ शकतो हेही ध्यानात असू दे. १/४ + १/६ ला चोवीस भाग लागत नाहीत, बारा पुरतात. हे आज शिकवू नकोस, पण विचारलं तर हाताशी ठेव.

फळ्याचं नियोजन घरी कागदावर करून जा. डावीकडे प्रश्न आणि ते २/५, मध्ये पट्ट्या, उजवीकडे ३/६ + २/६ = ५/६ हे लेखन. २/५ पुसू नकोस. पाठ संपताना मुलांनी त्यावर काट मारून कारण सांगावं, म्हणून ते तिथेच राहू दे. फळा खडूचा आहे की मार्करचा, पट्ट्या चिकटवायला काय चालेल, समोर खरी मुलं असतील की सदस्य, आणि त्यांचं समच्छेद बेरजेपर्यंत झालंय का, हे शाळेत फोन करून आधी विचार. असं विचारलेलं कुणालाही खटकत नाही. प्रोजेक्टरवर मात्र पाठ अवलंबून ठेवू नकोस.

वेळेचं म्हणशील तर पंधरा मिनिटांसाठी बाराच मिनिटांचा पाठ आख. उरलेली तीन चुकीची उत्तरं खातात. आणि तरीही वेळ कमी पडली तर लेखनाचा भाग आखूड कर, एकट्याने सोडवायचं उदाहरण कापू नकोस.

सराव आरशासमोर नको, आरसा उत्तर देत नाही. घरातल्या कुणाला तरी मुलाच्या जागी बसव आणि मुद्दाम चुकायला सांग. मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड करून नंतर ऐक. किती वेळ तुझंच बोलणं चालू असतं, आणि दर वाक्यामागे “बरोबर?” किती वेळा येतं, ते ऐकताना कानाला टोचेल.

कॉलेजच्या जागेसाठीही अर्ज केलायस म्हणून तेवढंच सांगते. तिथे लोक व्याख्यान झोडतात आणि वीस मिनिटांत पूर्ण प्रकरण उरकतात. पण घटक निवडायची रीत तिथेही तीच: विद्यार्थी हमखास कुठे घसरतात ते शोध. उदाहरणार्थ, अर्थशास्त्राच्या माणसाने मागणीतील विचलन आणि मागणीतील बदल यांतला फरक घ्यावा. “किंमत वाढली म्हणून खरेदी कमी झाली, तर मागणी वक्र सरकला का?” असं विचारलं की निम्मा वर्ग “हो” म्हणतो. बाकीच्या गोष्टी तशाच राहून नुसती त्या वस्तूची किंमत बदलली, तर आपण त्याच वक्रावर वर-खाली होतो. उत्पन्न किंवा आवड बदलली की वक्र सरकतो. एवढ्यावर पूर्ण पाठ उभा राहतो.

पाठानंतर दोन प्रश्न येतील असं धरूनच चल. एक, हीच संख्या का निवडली. त्याचं उत्तर वर आलंच आहे. दुसरा, पुन्हा घ्यायचा झाला तर काय बदलाल. “वेळ कमी पडली” हे सगळेच सांगतात. तू त्या दिवशी फिरताना वह्यांत काय दिसलं ते सांग: अमुक इतक्या जणांनी २/१२ लिहिलं, म्हणजे अंश बदलण्याच्या पायरीवर माझी घाई झाली, तिथे आणखी एक पट्टी लावायला हवी होती. त्यासाठी फिरताना हातात छोटी चिठ्ठी आणि पेन्सिल असू दे.

नवीन टाचण झालं की पाठव. प्रत्येक प्रश्नापुढे निदान एक चुकीचं उत्तर लिहिलेलं असेल तरच वाचायला घेईन.

तुझी,
मॅडम