ईमेलच्या मर्यादेत बसतील असे मोठ्या फाइलचे तुकडे कसे करायचे?

माझी फाइल ६० एमबीची आहे आणि ईमेलला २५ एमबीची मर्यादा आहे. २५-२५ चे तुकडे केले तरी ते जात नाहीत. काय करू?

तुकडे १७ एमबीचे करा. ईमेलमधून जाताना फाइलचं अक्षरांत रूपांतर होतं: दर ३ बाइटची ४ अक्षरं. त्यामुळे ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, आणि मर्यादा बहुतेकदा या फुगलेल्या आकाराला लागते. १७ चे सुमारे २३ होतात, थोडी जागा उरते.

विंडोजवर 7-Zip वापरा. फाइलवर राइट क्लिक करून Add to archive उघडा आणि Split to volumes या चौकटीत हे टाइप करा:

```
17m
```

.001 ते .004 असे चार तुकडे मिळतील. व्हिडिओ असेल तर आकार फारसा घटणार नाही, तो आधीच दाबलेला असतो. प्रत्येक तुकडा वेगळ्या ईमेलने पाठवा, कारण मर्यादा पूर्ण ईमेलला असते.

समोरच्याने चारही तुकडे नावं न बदलता एकाच फोल्डरमध्ये ठेवून फक्त .001 उघडायचा. उघडताना एरर आली तर आधी आकार पाहायला सांगा: शेवटचा सोडून सगळे अगदी सारखे हवेत. एखादा लहान दिसला तर तो अर्धवट उतरलाय, तेवढाच पुन्हा डाउनलोड करायचा.