डायरेक्टरने खिशातून केलेला खर्च आणि कंपनीला दिलेलं कर्ज: दोन खाती वेगळी ठेवा

प्रश्न: «नाशिकला अंबड एमआयडीसीत आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, मी आणि भाऊ असे दोनच डायरेक्टर. कंपनीचे बरेच खर्च मी माझ्या गुगल पेवरून किंवा कार्डावरून करतो. टॅलीत हे सगळं ‘डायरेक्टर लोन’मध्ये टाकलं तर चालेल का?»

चालतं असं समजून बरेच जण तेच करतात, पण मी तसं करू देत नाही. अंबड-सातपूरच्या लहान कंपन्यांची पुस्तकं लिहिणं हेच माझं काम, त्यामुळे हे एकच एक खातं पुढे कुठे अडतं ते नेहमी दिसतं. डायरेक्टरच्या नावाने दोन खाती उघडा. एक ‘खर्च परतावा’, ते चालू देण्यांखाली. दुसरं ‘असुरक्षित कर्ज’, ते कर्जांखाली. कंपनीचं बिल तुम्ही भागवलंत तर ते पहिल्यात जातं. कंपनीच्या बँक खात्यात तुम्ही पैसे भरलेत तर ते दुसऱ्यात.

एक महिना धरून बघू. तुम्ही सीएनसीसाठी सातपूरच्या डीलरकडून इन्सर्ट घेतले, 10,000 अधिक जीएसटी 1,800, एकूण 11,800, गुगल पेवरून. माल चाकणला पाठवला, टेम्पोवाल्याला 7,500 रोख दिले. ऑफिससाठी 47,200 चा लॅपटॉप स्वतःच्या कार्डावर घेतला. आणि पगाराला पैसे कमी पडले म्हणून 2,00,000 तुमच्या बचत खात्यातून कंपनीच्या खात्यात टाकले.

इन्सर्टचं बिल आधी नेहमीसारखं F9 ला खरेदीत घ्यायचं, डीलरच्याच नावाने: खरेदी 10,000, सीजीएसटी 900, एसजीएसटी 900, डीलर जमा 11,800. मग F7 ला जर्नल: डीलर नावे 11,800, तुमचं खर्च परतावा खातं जमा. घाईत लोक ‘खर्च नावे, डायरेक्टर जमा’ अशी एकाच ओळीत नोंद मारतात. रक्कम जुळते, पण डीलर पुस्तकात कुठेच येत नाही, आणि जीएसटी पोर्टलवर पुरवठादारांची बिलं दाखवणाऱ्या GSTR-2B शी ताळा करताना तेवढं बिल लटकत राहतं. इथे भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळेल ते बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर आहे म्हणून. पैसे कोणाच्या मोबाइलवरून गेले यावर ते अवलंबून नाही.

टेम्पोचं सोपं: भाडं नावे, खर्च परतावा जमा, आणि व्हाउचरवर गाडी नंबर व टेम्पोवाल्याची सही. रोख तुमच्या खिशातली असली तरी खर्च कंपनीचा, म्हणून रोखीच्या मर्यादा कंपनीच्याच लागतात. एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिलेत तर तो खर्च करात वजा मिळत नाही. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा 35,000 आहे. ‘कंपनीने कुठे रोख दिले, मी दिले’ हा युक्तिवाद टिकेल या भरवशावर राहू नका. टीडीएसचंही तसंच: कापण्याजोगं बिल तुम्ही परस्पर पूर्ण भागवलंत तरी भरायची जबाबदारी कंपनीवरच राहते.

खरी अडचण लॅपटॉपची. बिल तुमच्या नावावर आहे, त्यावर जीएसटी नंबर नाही. म्हणजे 47,200 पैकी 7,200 चं क्रेडिट गेलं. पूर्ण 47,200 मालमत्तेत घ्यावे लागतील. त्यावरही ऑडिटर विचारणारच, की ही वस्तू कंपनीची कशावरून? त्यासाठी बोर्डाचा छोटा ठराव आणि मालमत्ता नोंदवहीत सीरियल नंबर ठेवा. त्यापेक्षा लगेच दुकानात जा. त्याने त्या महिन्याचं विक्रीचं विवरणपत्र, GSTR-1, भरलेलं नसेल तर कंपनीच्या नावाने बिल बदलून मिळण्याची बरीच शक्यता असते.

आता परतावा खात्यात 66,500 जमा आहेत आणि कर्ज खात्यात 2,00,000. पहिली रक्कम महिनाअखेरीस बिलं जोडलेल्या एका कागदावर सही करून कंपनीच्या बँकेतून तुमच्या खात्यावर घ्या. हे तुमचं उत्पन्न नाही, यावर कर नाही.

दुसऱ्या रकमेला मात्र कंपनी कायदा लागतो. डायरेक्टरकडून आलेला पैसा ‘ठेव’ ठरत नाही, पण त्याला अट आहे: पैसे देतानाच तुम्ही लेखी द्यायचं की ही रक्कम मी दुसऱ्याकडून कर्ज किंवा ठेव घेऊन आणलेली नाही. शिवाय संचालक मंडळाच्या अहवालात तिचा तपशील यायला हवा. इथे आपल्याकडची सवय आड येते. पगाराला अडलं की घरातलं सोनं गहाण ठेवून पैसे कंपनीत टाकायचे. तो पैसा कर्जाचा, म्हणून ते पत्र खरेपणाने देताच येत नाही, आणि रक्कम ठेवीच्या नियमांत अडकते. बँकेतली मुदत ठेव मोडून टाकलीत तर हा प्रश्न येत नाही. 31 मार्चला जी कर्जाची बाकी असेल ती 30 जूनपर्यंत कंपनी रजिस्ट्रारकडच्या DPT-3 फॉर्ममध्ये दाखवायची. सगळं एकाच खात्यात असलं की त्या फॉर्ममध्ये 2,00,000 लिहायचे की 2,66,500, हे जूनमध्ये कोणालाच सांगता येत नाही. व्याज घेतलंच पाहिजे असं नाही. घेतलंत आणि वर्षात 10,000 च्या वर गेलं तर 10 टक्के टीडीएस. आणि कर्ज देणं-घेणं बँकेतूनच ठेवा, 20,000 आणि त्यावरच्या रोखीला दंड त्या रकमेएवढा होऊ शकतो.

वर्षभर परतावा घेतलाच नाही, म्हणून मार्चएंडला एका जर्नलने तो कर्जात वळवू का, असंही विचारलं जातं. नको. आधी कंपनीकडून परतावा बँकेने घ्या, मग कर्ज म्हणून तो बँकेनेच परत टाका आणि त्याच दिवशीचं ते पत्र जोडा. दोन दिवसांचं काम आहे. जुन्या तारखेच्या नोंदी घुसवून भागेल असं समजू नका. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग बंधनकारक आहे, नोंद कधी टाकली आणि कधी बदलली ते ऑडिटरला दिसतं.

शेवटचं, आणि याला मी सगळ्यात जास्त घाबरतो: खातं उलटणं. समजा एकाच खात्यात 2,66,500 जमा आहेत आणि गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या बुकिंगला तुम्ही कंपनीतून 3,00,000 उचलले. 33,500 नावे झाले. म्हणजे आता कंपनीनेच डायरेक्टरला कर्ज दिलं. कंपनी कायद्याच्या कलम 185 खाली त्याला बंदी आहे. काही खासगी कंपन्यांना 2015 च्या अधिसूचनेने सूट मिळाली, पण त्यासाठी भांडवलात दुसऱ्या कंपनीचा पैसा नको, कर्जं मर्यादेत हवीत आणि त्यांची परतफेड थकलेली नको. शिवाय तुमच्याकडे 10 टक्के किंवा जास्त मतदान हक्क असेल, आणि दोघांच्या कंपनीत तो असतोच, तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ती रक्कम लाभांश समजून तुमच्यावर कर लागू शकतो. म्हणून दर महिन्याला दोन्ही डायरेक्टरांची खाती उघडून बाकी जमेकडे आहे ना ते बघा. भावाचंही बघा, ‘त्याचं माझ्यातून वळतं करा’ असं तोंडी सांगून ते जुळत नाही. घरखर्चाला पैसे हवे असतील तर टीडीएस कापून पगार घ्या.