दुकानाचा तोटा पुढे नेताना घसारा वेगळा ठेवा

"नोकरी सांभाळून दुकान चालवतो. यंदा दुकानात ५ लाखांचा तोटा आहे. भाडं आणि व्याजही येतं. तोटा कशातून वजा होईल आणि उरलेला पुढे कसा न्यायचा?"

पगारातून एक रुपयाही वजा होणार नाही. धंद्याचा तोटा पगाराविरुद्ध वळता करायला आयकर कायद्यात मनाई आहे. भाडं आणि व्याजातून मात्र त्याच वर्षी होतो.

आधी सीएंना विचारा, या ५ लाखांत घसारा किती आहे? पुढचं सगळं त्यावर ठरतं. समजा १,२०,००० घसारा आहे आणि ३,८०,००० निव्वळ धंद्याचा तोटा. व्याज ८०,००० आणि भाडं ३० टक्के प्रमाणित वजावटीनंतर १,४०,०००, म्हणजे २,२०,००० उत्पन्न. ते सगळं धंद्याच्या तोट्यात जिरेल. उरला १,६०,००० तोटा आणि १,२०,००० घसारा. हे दोन्ही पुढे जातात, पण वेगवेगळ्या नियमांनी.

पुढच्या वर्षी, त्या वर्षाचा घसारा धरूनही, दुकानाला १,००,००० नफा झाला आणि व्याज-भाडं तेवढंच आलं असं धरू. मागचा धंद्याचा तोटा आता फक्त धंद्याच्या नफ्यातूनच वजा होतो. त्यामुळे १,००,००० संपतील आणि ६०,००० आणखी पुढे जातील. व्याज-भाड्याला तो हात लावू शकत नाही. मागचा घसारा लावू शकतो. २,२०,००० मधून १,२०,००० वजा होऊन कर १,००,००० वर लागेल, पगार अर्थातच वेगळा. धंद्याच्या तोट्याला आठ कर निर्धारण वर्षांची मुदत आहे, घसाऱ्याला मुदत नाही.

लोक फसतात ते रिटर्नच्या तारखेत. मूळ रिटर्न मुदतीनंतर भरलं तर वरचे १,६०,००० कायमचे गेले. त्याच वर्षीचं २,२०,००० चं समायोजन आणि १,२०,००० घसारा तरीही शाबूत राहतो. म्हणून "उशिरा भरलं, सगळा तोटा गेला" असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबू नका, घसाऱ्याचा आकडा मागा. मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्ये नंतर दुरुस्ती केली तर तोट्याचा हक्क जात नाही.

भरण्यापूर्वी ITR-3 चा मसुदा स्वतः उघडून बघा. Schedule CYLA मध्ये यंदाचं समायोजन दिसतं, Schedule CFL मध्ये पुढे जाणारा तोटा आणि Schedule UD मध्ये घसारा. वरच्या उदाहरणात CFL मध्ये १,६०,००० आणि UD मध्ये १,२०,००० दिसायला हवेत. CFL मध्ये सरसकट २,८०,००० दिसले तर घसारा तोट्यात मिसळला गेलाय. तसंच भरलं तर पुढच्या वर्षी व्याज-भाड्यातून तो वजा करायला वाव राहणार नाही आणि विनाकारण आठ वर्षांची मुदत लागेल, तेव्हा भरण्याआधीच दुरुस्त करून घ्या.