चिकन दोनदा तळायचं ते असं

प्रश्न: घरी लेग पीस तळले की बाहेरून काळे होतात आणि हाडाजवळ कच्चेच राहतात, काय चुकतंय?

तेल खूप तापलेलं असणार. मैद्याचं कोटिंग तीन-चार मिनिटांत लाल होतं पण हाडापर्यंत उष्णता पोचायला दहा-बारा मिनिटं लागतात, ही दोन्ही कामं एकाच आचेवर जमत नाहीत, म्हणून दोनदा तळायचं. जपानी काराआगे आणि कोरियन फ्राइड चिकन बऱ्याचदा असंच करतात.

मी परवा सहा तंगड्या केल्या तेव्हाचं सांगते. मॅरिनेट केलेल्या तंगड्या फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढल्या आणि प्रत्येकीला हाडापर्यंत दोन चिरा दिल्या. पहिल्या वेळेला तेल 150-155 अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब सोडून बघा, तो तळाशी जाऊन मग सावकाश वर आला पाहिजे. कढईत एका वेळी तीनच, कारण जास्त टाकले की तेल गार पडतं आणि कोटिंग तेल पितं. दहा मिनिटं तळलं, रंग जेमतेम फिकट बदामी आला आणि सुरुवातीचे जोरात येणारे बुडबुडे बरेच शांत झाले, तेव्हा काढलं.

आता आठ मिनिटं जाळीवर ठेवायचं, पेपरवर नको, खालच्या बाजूला वाफ धरून ती ओली होते. या वेळात बाहेरची उष्णता आत सरकत राहते आणि आतलं पाणी कोटिंगमध्ये येतं, त्यामुळे ते मऊ पडल्यासारखं वाटेल, तसंच व्हायला हवं. तेच पाणी दुसऱ्या तळणात उडून जातं आणि कुरकुरीतपणा त्यातूनच येतो. दुसऱ्या वेळेला तेल 190, थेंब टाकला की खाली न जाता वरच तडतडतो, आणि फक्त दीड-दोन मिनिटं, कढईसमोरून हलायचं नाही.

एक मात्र नीट लक्षात घ्या, चिकन शिजायचं काम पहिल्या तळणातच व्हायला हवं, दुसरं फक्त रंग आणि कुरकुरीतपणासाठी. जाड भागात सुरी घालून बघा, रस गुलाबी आला तर परत मंद तेलात दोन-तीन मिनिटं. थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता 74 अंशांच्या वर हवं. हाडाला लागून थोडा लालसरपणा शिजल्यावरही राहतो, कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला रंग बाहेर येतो तो, त्यामुळे नुसत्या रंगावरून ठरवू नका. आणि अर्धकच्चे पीस काढून संध्याकाळी पाहुणे आल्यावर दुसऱ्यांदा तळू असं अजिबात करू नका, ते सुरक्षित नाही.

बोनलेसचे दीड इंची तुकडे असतील तर पहिलं तळण 160 ला तीन-चार मिनिटं, मग चार मिनिटं जाळीवर, मग 190 ला एक मिनिट.

एवढं करूनही पहिल्याच तळणात काळं पडायला लागलं तर कोटिंगमध्ये काय घातलंय ते बघा, साखर, मध किंवा भरपूर लाल तिखट असेल तर ते मंद तेलातही लवकर करपतं. मी तिखट सगळं मॅरिनेशनमध्ये घालते, वरच्या मैदा-कॉर्नफ्लोअरमध्ये फक्त मीठ आणि मिरपूड.