कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी: आधी घराचा हिशेब

प्रश्न: लातूर एमआयडीसीतील आमच्या डाळमिलच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत माझा २० टक्के हिस्सा आहे, बाकीचा दोन चुलतभावांचा. बँक ९० लाखांचे कॅश क्रेडिट देताना तिन्ही संचालकांची वैयक्तिक हमी, शिवाय माझ्या व पत्नीच्या नावावरील फ्लॅटचे तारण आणि पत्नीचीही हमी मागते आहे. औसा तालुक्यात माझी सहा एकर शेती आहे. सही करावी का?

उत्तर: आपण स्वतः रकमेची मर्यादा घालून हमी द्यावी, पत्नीची हमी देऊ नये आणि फ्लॅटचे तारण टाळण्याचा प्रयत्न करावा, असे माझे मत आहे.

कंपनीत आपला हिस्सा २० टक्के असला तरी हमीत तसे नसते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी मिलमधला माल विकून मगच आपल्याकडे यावे, असे बंधनही बँकेवर नाही. समजा तुरीचे भाव पडले, मिल बंद झाली आणि माल व यंत्रे विकूनही बँकेचे ४५ लाख येणे राहिले. बँक ही सर्व रक्कम आपल्या एकट्याकडून वसूल करू शकते, आणि ज्याची मालमत्ता सहज हाती लागते त्याच्याकडेच ती आधी वळते. त्यानंतर आपल्याला भावांकडून प्रत्येकी १५ लाख मागता येतील, कारण कलम १४६ प्रमाणे सहजामीनदारांमध्ये बोजा समान वाटला जातो. हिश्श्याप्रमाणे आपल्या वाट्याला ९ लाखच यायला हवे होते. म्हणून हा बोजा हिश्श्याच्या प्रमाणात सोसला जाईल, असा लेखी करार तिघांनी हमीपत्रावर सही करण्यापूर्वीच करावा. भाऊबंदकीत असा कागद मागणे अवघड वाटते, पण नंतर कोर्टात मागण्यापेक्षा ते सोपे आहे.

आता घरातील मालमत्ता पाहू. फ्लॅट तारण दिल्यास, खाते थकीत ठरल्यावर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता ताबा घेऊ शकते. केवळ हमी दिली असेल तर बँकेला आधी कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागते; वेळ मिळतो, तडजोडीला वाव राहतो. शेतजमिनीला सरफेसी लागू होत नाही, म्हणून सातबारा सुरक्षित आहे असे अनेकांना वाटते. मात्र न्यायाधिकरणाच्या आदेशाने तिची जप्ती होऊ शकते. पीपीएफमधील शिल्लक कोर्टाच्या जप्तीपासून मुक्त असते. त्याच बँकेतील ठेवी मात्र हमीपत्रातील अटींमुळे बँक परस्पर वळती करून घेऊ शकते, त्यामुळे घरखर्चाची शिल्लक दुसऱ्या बँकेत असावी. फ्लॅट घाईघाईने पत्नीच्या नावावर करण्याचा मोह टाळा. धनकोंना चुकवण्यासाठी केलेले हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकते.

पत्नीने सही केली नाही, तर तिचे स्त्रीधन, तिच्या नावावरील ठेवी आणि फ्लॅटमधील तिचा हिस्सा या कर्जाला बांधले जात नाहीत. हमीदार म्हणून सही केली की हे सर्व आवाक्यात येते. बँकेने फ्लॅटचा आग्रह सोडलाच नाही तर पत्नीने फक्त तारण देणारी सहमालक म्हणून सही करावी आणि तिची जबाबदारी त्या फ्लॅटपुरतीच राहील, असे दस्तात स्पष्ट लिहून घ्यावे.

तारण टाळायचे असेल तर लघुउद्योगांच्या कर्जाची बँकेला हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई या ट्रस्टच्या योजनेखाली प्रस्ताव पाठवण्याची शाखेला विनंती करा. डाळमिल उत्पादन उद्योगात मोडते. उद्यम नोंदणी हवी. या योजनेत घर तारण न घेता कर्ज देता येते, मात्र वार्षिक शुल्क भरावे लागते. संचालकांची हमी तरीही घेतली जाते, आणि ट्रस्टने बँकेला भरपाई दिली तरी आपण मोकळे होत नाही.

हमीपत्राच्या छापील मजकुरात बहुधा ‘आजचे व भविष्यातील सर्व येणे’ असे शब्द असतात. उद्या मर्यादा ९० लाखांवरून दीड कोटी झाली तर जुन्याच सहीवर वाढीव रक्कमही आपल्या माथी येण्याची शक्यता असते. म्हणून हमी ठरावीक रकमेपुरती आणि याच खात्यापुरती असल्याचे लिहून घ्या. बँक सहज मानत नाही, पण अशी विनंती वावगी नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. संचालकपदाचा राजीनामा दिल्याने किंवा हिस्सा विकल्याने हमी संपत नाही. कलम १३० प्रमाणे नोटीस देऊन चालू हमी पुढील व्यवहारांसाठी मागे घेता येते, पण त्या दिवशीची थकबाकी आपल्या डोक्यावर राहतेच. त्यामुळे बाहेर पडताना हिशेब मिटवण्याआधी बँकेचे हमीमुक्तीचे पत्र आणि तारण दिले असल्यास फ्लॅटचे मूळ दस्त हातात घ्या.